पुनर्विकास: फीजिबिलिटी रिपोर्ट आला आहे, मतदानाआधी त्यात नेमकं काय तपासायचं?

मंजिरी_मुलुंडपूर्व

नमस्कार. आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला आहे. तळमजला अधिक तीन मजले, एकूण 24 घरं, ओसी 1978 ची. प्रत्येक घर साधारण 440 चौ. फूट कारपेट. गेल्या वर्षी पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, नेमला, त्याचा फीजिबिलिटी रिपोर्ट आता सगळ्या सभासदांना मिळाला आहे. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे.

रिपोर्टनुसार प्लॉट 1200 चौ. मी., समोरचा रस्ता 12.20 मीटर, आणि सभासदांना 35 टक्के जास्त कारपेट देणं शक्य आहे. दरम्यान दोन बिल्डरांच्या ऑफर आल्यात. एक 35 टक्के देतो, दुसरा 45. साहजिकच बहुतेकांचा कल दुसऱ्याकडे आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "रिपोर्टपेक्षा जास्त मिळतंय तर रिपोर्ट वाचायचा कशाला?" मला त्यांना उत्तर देता आलं नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगाल का, असा रिपोर्ट वाचायला सुरुवात कुठून करायची?

वसंतराव

मंजिरीताई, तुमच्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट धरली आहे का ते बघा. विकास नियमावलीतल्या 33(7)(बी) खाली 30 वर्षं जुन्या सोसायट्यांना प्रत्येक घरामागे 10 चौ. मी. जादा मिळतात, म्हणजे तुमच्या 24 घरांचे 240 चौ. मी. हे बाकी एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटच्या पटीत मिळणाऱ्या बांधकामाच्या, वर असतात. ते धरले नसतील तर 45 टक्के सहज निघतील. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत पीएमसीने हेच विसरलं होतं.

नकाशेवाला

मी बरीच वर्षं महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्यात फायली घेऊन जायचो, आता निवृत्त आहे. ताई, 35 आणि 45 हे आकडे हिशेबाच्या शेवटच्या ओळीतले आहेत. तुम्ही पहिल्या पानापासून सुरुवात करा, कारण शेवटची ओळ पहिल्या पानावरच्या तीन आकड्यांवर उभी असते: प्लॉटचं क्षेत्रफळ, रस्त्याची रुंदी आणि तुमच्या इमारतीचं मंजूर बांधकाम.

तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. उपनगरात डीसीपीआर 2034 या मुंबईच्या विकास नियमावलीप्रमाणे मूळ एफएसआय 1 आहे. त्यावर प्रीमियम भरून 0.5 मिळतो आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन आणखी काही मिळतो. हा 'आणखी काही' रस्ता ठरवतो. रस्ता 9 मीटर किंवा त्याहून जास्त पण 12.20 पेक्षा कमी असेल तर एकूण मर्यादा 2.0. रस्ता 12.20 ते 18.30 मीटरमध्ये बसला तर 2.2.

तुमचा रिपोर्ट 2.2 धरतो. 1200 ला 2.2 ने गुणलं की 2640 चौ. मी. त्यावर 35 टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वर मिळणारं जादा क्षेत्र, झाले 3564. भिंतींची जाडी वगैरे वजा जाता मी अंदाजाला यातलं नव्वद टक्के कारपेट धरतो. म्हणजे जवळपास 34,500 चौ. फूट. तुमचं आजचं कारपेट 10,560, त्यात 35 टक्के वाढ दिली की 14,250 च्या आसपास सभासदांना गेलं. उरलेले 20,200 चौ. फूट बिल्डर विकणार. सगळा प्रकल्प या 20,200 वर चालणार आहे: बांधकाम, तुमचं भाडं, महापालिकेचे पैसे, त्याचा नफा.

आता फक्त रस्ता 12.20 ऐवजी 11.90 निघाला असं समजा. मर्यादा 2.0 वर आली. बाकी सगळं तेच ठेवून गणित केलं तर एकूण कारपेट 31,400 आणि विकायला उरतात 17,100. एका वितीने रस्ता कमी भरला आणि तीन हजार चौ. फूट गेले. म्हणून माझा पहिला प्रश्न: 12.20 हा आकडा पीएमसीने कुठून आणला? डी. पी. रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटबद्दल काय आहे हे सांगणारा महापालिकेचा कागद, जोडला आहे का?

वसंतराव, घरटी 10 चौ. मी. बरोबर आहे. त्या नियमात मंजूर बांधकामाच्या 15 टक्के किंवा घरामागे 10 चौ. मी., यातलं जे जास्त ते मिळतं. ताईंचं मंजूर बांधकाम 1200 धरलं तर 15 टक्के म्हणजे 180, म्हणून 240 लागू. पण ते 2.2 च्या वर नाहीत, आतच मोजले जातात. फायदा असा की त्या 240 साठी प्रीमियम भरावा लागत नाही की टीडीआर घ्यावा लागत नाही. बिल्डरचा खर्च वाचतो, इमारत मोठी होत नाही.

वसंतराव

मग ओळखीच्या सोसायटीला जास्त जागा कशी मिळाली? त्यांच्या रिपोर्टमध्ये या कलमानंतर आकडा वाढला होता, हे मी स्वतः पाहिलं आहे.

नकाशेवाला

त्यांचा रस्ता 9 मीटरच्या आतला असेल. तिथे प्रीमियम आणि टीडीआर दोन्ही बंद, मूळ 1 वरच थांबायचं. अशा प्लॉटवर हे 240 खरोखर वर मिळतात, कारण दुसरं काही मिळतच नाही. ताईंच्या प्लॉटला तो हिशेब लावला तर विकायला फक्त 4,600 चौ. फूट उरतील, आणि तेवढ्यावर कोणी बिल्डर येणार नाही. अरुंद गल्लीतल्या सोसायट्या वर्षानुवर्षं अडकून पडतात त्या यामुळे. 6 मीटरच्या पुढचा रस्ता असेल तर महापालिकेकडून रस्तारेषा ठरवून घेऊन तो 9 मीटरचा करण्याचा मार्ग आहे, पण त्यात दोन्ही बाजूंच्या प्लॉटमधून रस्त्यासाठी सेटबॅक जातो आणि वेळही.

पार्लेकर

आमचं पार्ले पूर्वेला अगदी उलट आहे. रस्ता चांगला 18.30 मीटरचा, एफएसआय कागदावर भरपूर. पण विमानतळाच्या फनेलमुळे, म्हणजे विमानांच्या उतरण्याच्या मार्गाखाली असल्यामुळे, उंचीच मिळत नाही. विमानतळ प्राधिकरणाच्या परवानगीत जी उंची मिळाली तिच्यात 2.4 सोडा, 2 सुद्धा बसत नाही. आमच्या पीएमसीने रिपोर्टमध्ये पूर्ण एफएसआय धरून 40 टक्के लिहिले आणि तीन वर्षं गेली. मुलुंडला फनेल कुठपर्यंत येतो?

नकाशेवाला

पार्लेकर, तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन. पण तुमच्या उदाहरणातून एक गोष्ट इथे लागू होते. अनुज्ञेय क्षेत्र आणि प्रत्यक्ष बसणारं क्षेत्र हे दोन निराळे आकडे आहेत. रिपोर्टमध्ये निदान एक कच्चा मजल्याचा नकाशा हवा, म्हणजे 3564 चौ. मी. त्या प्लॉटवर बाजूच्या मोकळ्या जागा, अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता आणि पार्किंग सोडून खरंच उभे राहतात का ते दिसतं. ताई, तुमच्या रिपोर्टमध्ये नकाशा आहे का?

मंजिरी_मुलुंडपूर्व

नकाशा नाही. डी. पी. रिमार्क जोडलेला नाही. रस्त्याबद्दल फक्त "समोर 12.20 मी. रुंद रस्ता" एवढीच ओळ आहे.

पैशांचं एक पान आहे, त्यातले मुख्य आकडे देते. विक्रीचा दर 26,000 रुपये चौ. फूट कारपेट. एकूण खर्च 33 कोटी. त्यात बांधकाम 13.8 कोटी, महापालिकेचे शुल्क, प्रीमियम आणि टीडीआर मिळून 10 कोटी, सभासदांचं भाडं साडेतीन कोटी (दरमहा 40,000 प्रमाणे 36 महिने), बाकी व्याज, दलाली, सल्लागार वगैरे. विक्रीतून साडेबावन्न कोटी. म्हणजे साडेएकोणीस कोटी उरतात. दुसरा बिल्डर हेच दाखवून म्हणतो की एवढा नफा आहे, मी त्यातला तुम्हाला देतोय.

विजय_साइट

मी कंत्राटदार आहे, इमारतीच बांधतो. ते 13.8 कोटी बघून लिहायला बसलो.

3564 चौ. मी. म्हणजे 38,360 चौ. फूट. 13.8 कोटींना त्याने भागलं की 3,600 रुपये येतात. दर ठीक आहे, पण तो चुकीच्या क्षेत्राला लावला आहे. एफएसआयमध्ये जे मोजलं जातं तेवढंच आपण बांधत नाही. जिना, लिफ्ट, लॉबी, पार्किंगचे मजले, पाण्याच्या टाक्या, सोसायटीचं ऑफिस, गच्चीवरची खोली, हे सगळं काँक्रीटच आहे. अशा लहान प्लॉटवर प्रत्यक्ष बांधकाम एफएसआयच्या दीडपट सहज होतं. म्हणजे 57,500 चौ. फूट आणि खर्च 20.7 कोटी. तुमच्या पानावर सात कोटी कमी लिहिलेत.

पार्किंगवरून आणखी एक. 35 टक्क्यांनी तुमचं घर 594 चौ. फूट होतं, म्हणजे 55 चौ. मी. 45 ते 60 चौ. मी. च्या दोन घरांमागे एक गाडी लागते, 60 च्या पुढे गेलं की प्रत्येक घराला एक. 45 टक्के दिले तर 638 चौ. फूट होतात, साठच्या जेमतेम आत. सभेत कोणी उत्साहाने 50 टक्के मागितले तर तुमच्या 24 घरांना 12 ऐवजी 24 गाड्यांची जागा लागेल. त्या बाराव्यापुढच्या गाड्या लहान प्लॉटवर तळघरात किंवा यांत्रिक पार्किंगमध्ये जातात, आणि पुढे त्या मशीनची देखभाल तुमच्या मेंटेनन्समधून होते.

तिसरा_मजला

मी याच भागात दुसऱ्या सोसायटीत राहतो. सगळं वाचतोय पण मला राग येतोय. माझ्या बेडरूमच्या स्लॅबची सळई दिसते. आई त्या खोलीत झोपायला घाबरते. आमच्याकडे असाच एक हुशार सभासद प्रत्येक सभेत नवा कागद मागतो आणि सभा पुढे जाते. सहा महिने उशीर झाला तर रेडी रेकनर बदलतो, प्रीमियम बदलतो, बिल्डर निघून जातो. कागद तपासा, पण त्याला तारीख लावा.

नकाशेवाला

तुमचं म्हणणं खरं आहे. प्रीमियम त्या त्या वर्षीच्या रेडी रेकनरच्या जमीन दरावर असल्याने उशिराची किंमत असतेच. पण मी जे मागतोय ते महिनोन्महिन्यांचं काम नाही. डी. पी. रिमार्क आणि सर्व्हे रिमार्क दोन्ही महापालिकेकडून अर्ज करून मिळतात, पीएमसीने ते रिपोर्टच्या आधीच काढायला हवे होते.

विजयरावांचे सात कोटी धरून मंजिरीताईंचं पान पुन्हा मांडतो. खर्च 40 कोटी.

रस्ता खरंच 12.20 असेल आणि 35 टक्के दिले तर साडेबावन्न कोटींतून साडेबारा उरतात. जमा रकमेच्या चोवीस टक्क्यांच्या आसपास. चांगला प्रकल्प. त्याच रस्त्यावर 45 टक्के दिले तर विकायला 19,200 चौ. फूट, जमा पन्नास कोटींना जरा कमी, उरतात सुमारे दहा. वीस टक्के. म्हणजे दुसरा बिल्डर वेडा नाही, रस्ता 12.20 असेल तर त्याची ऑफर चालू शकते.

रस्ता 12.20 च्या आत निघाला तर बांधकाम आणि टीडीआर थोडा कमी होऊन खर्च 37 कोटींवर येईल. 35 टक्क्यांवर जमा साडेचव्वेचाळीस, उरतात साडेसात. आणि 45 टक्क्यांवर विकायला 16,000 च्या जवळपास, जमा 41.7 कोटी, उरतात पावणेपाच. अकरा टक्के. तीन-चार वर्षांच्या कामात विक्रीचा दर दहा टक्क्यांनी घसरला, किंवा मंजुरीला वर्षभर उशीर होऊन व्याज वाढलं, तर त्यात काही उरत नाही. तेव्हा बिल्डर काम थांबवतो आणि तुम्ही भाड्याच्या घरात असता. इमारत पाडलेली असते, त्यामुळे तेव्हा तुमच्या हातात वाटाघाटीला काही राहत नाही.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. रिपोर्ट बिल्डरला मागायच्या टक्क्यांसाठी वाचायचा नाही, त्याने देऊ केलेले टक्के हा प्लॉट पेलतो का ते बघण्यासाठी वाचायचा.

वसंतराव

पण बिल्डरकडून बँक गॅरंटी घेतात ना? सहकार कायद्याच्या 79 अ खालच्या शासनाच्या निर्देशांमध्ये प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के गॅरंटी लिहिली आहे. मग काम थांबलं तरी सोसायटी सुरक्षित आहे.

विजय_साइट

40 कोटींचे 20 टक्के म्हणजे आठ कोटी. वीस कोटींचं बांधकाम अर्धं उभं असताना आठ कोटींत नवा माणूस ते पूर्ण करेल का? आणि मी पाहिलेल्या बऱ्याच करारांत टप्पे पूर्ण होतील तशी गॅरंटी कमी होत जाते, काही ठिकाणी गॅरंटीऐवजी विक्रीच्या काही घरांवर बोजा ठेवतात. बिल्डर बाजार पडल्यामुळे थांबला असेल तर त्या घरांची किंमतही तेव्हाच पडलेली असते. गॅरंटी घ्याच, पण पातळ प्रकल्प तिच्या भरवशावर स्वीकारू नका.

सई_बोरिवली

एक विचारू? आम्ही 1990 च्या सुमाराला बाल्कनी आत घेतली, सगळ्यांनीच घेतली. आमच्या पीएमसीने आत्ताचं कारपेट मोजताना ती धरली आहे. बिल्डर म्हणतो की मी मंजूर नकाशावरचंच कारपेट धरणार. घरटी चाळीस चौ. फुटांचा फरक आहे. कोण बरोबर?

नकाशेवाला

महापालिकेपुरतं बोलायचं तर मंजूर बांधकामच चालतं. सभासदांच्या जुन्या क्षेत्रावरचं फंजिबल विनाप्रीमियम मिळतं तेही मंजूर क्षेत्रावर. तुमच्या आणि बिल्डरच्या करारात कोणता आकडा धरायचा हा वाटाघाटीचा भाग आहे, पण एकच पाया सगळीकडे धरा. एका कागदावर मोजलेलं कारपेट आणि दुसऱ्यावर मंजूर, असं झालं की टक्क्यांना अर्थ राहत नाही. काही बिल्डर कमी पायावर मोठे टक्के देतात. 440 वर 35 टक्के म्हणजे 594. बाल्कनी काढून 400 वर 45 टक्के म्हणजे 580. ऑफर टक्क्यांत न घेता चौ. फुटांत, रेरा कारपेटमध्ये लिहून घ्या.

मंजूर नकाशा सोसायटीकडे नसेल तर इमारत प्रस्ताव खात्यातून प्रमाणित प्रत मिळवता येते. जुन्या फायली सापडायला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाकायचा.

मंजिरी_मुलुंडपूर्व

अपडेट देते. रविवारी आम्ही तिघे टेप घेऊन रस्ता मोजायला उतरलो. आमच्या गेटसमोर, गटार आणि फुटपाथ धरून, कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत 12.30 आला. पण प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, जिथे समोरच्या सोसायटीची भिंत पुढे आली आहे, तिथे 11.75. पीएमसीला फोन केला. त्याने सांगितलं की त्याच्या माणसाने गेटपाशीच मोजलं होतं.

प्लॉटचंही बघितलं. प्रॉपर्टी कार्डावर 1200 आहे, कन्व्हेयन्सच्या दस्तात 1238. प्रत्यक्ष मोजणी झालेलीच नाही.

नकाशेवाला

तुमची टेप आणि पीएमसीची टेप, दोन्ही निर्णायक नाहीत. विकास आराखड्यात त्या रस्त्याची रुंदी काय दाखवली आहे आणि महापालिकेने त्याची रस्तारेषा ठरवली आहे का, यावर ते ठरेल. आराखड्यात तो 13.40 चा दाखवला असेल तर समोरची भिंतच पुढे आली आहे असा अर्थ निघू शकतो आणि कदाचित तुमच्या प्लॉटमधूनही थोडा सेटबॅक जाईल. नुसता 'सध्याचा रस्ता' म्हणून दाखवला असेल तर 11.75 डोकेदुखी ठरू शकतो. दोन्ही शक्यता खुल्या आहेत, रिमार्क आल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

प्लॉटचं: साधारणपणे कागदांतला आणि मोजणीतला सगळ्यात कमी आकडा धरला जातो. त्यामुळे 1238 विसरा. टोटल स्टेशनने मोजणी करून घ्या, चारही कोपरे आणि शेजाऱ्यांची कुंपणं दाखवून. समजा 1176 निघाले, तर 2.2 च्या हिशेबाने जवळपास 690 चौ. फूट कारपेट जातं, ते सगळं विक्रीच्या भागातून. रस्त्याइतका मोठा फटका नाही, पण दोन्ही एकत्र आले तर दिसतो.

तिसरा_मजला

मग आता सभा रद्द का?

मंजिरी_मुलुंडपूर्व

नाही. काल कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष तयार नव्हते, त्यांच्या मते बिल्डर निवडला की हे सगळं तोच बघेल. बऱ्याच चर्चेनंतर असं ठरलं की सभा ठरलेल्या तारखेला होईल, पण बिल्डर निवडीचा ठराव त्या दिवशी येणार नाही. त्या सभेत पीएमसीने सुधारलेला रिपोर्ट मांडायचा, डी. पी. रिमार्क, सर्व्हे रिमार्क, मोजणीचा नकाशा आणि एक मजल्याचा नकाशा जोडून. पैशांचं पान 2.0 आणि 2.2 अशा दोन्ही मर्यादांवर, आणि बांधकामाचा खर्च पूर्ण बांधकाम क्षेत्रावर. दोन्ही बिल्डरांना पत्र गेलं आहे की ऑफर रेरा कारपेटच्या चौ. फुटांत द्या आणि रस्ता 12.20 च्या आत निघाला तर तुमची ऑफर काय राहील ते वेगळं लिहा.

पहिल्या बिल्डरचं उत्तर आजच आलं: दोन्ही परिस्थितीत 594, पण दुसऱ्या परिस्थितीत आम्हाला द्यायचा कॉर्पस निधी निम्मा. 45 टक्केवाल्याने अजून काही कळवलेलं नाही. पीएमसी मोजणीचे पैसे वेगळे मागतो आहे. ते त्याच्या फीमध्ये धरलेले असतात का, कोणाला अनुभव आहे?

विजय_साइट

नेमणूकपत्र बघा. त्यात 'साइट सर्वेक्षण' असा शब्द असेल तर मोजणी त्याची. नसेल तर द्या पैसे, 24 घरांत वाटले तर फार होत नाहीत. फक्त सर्व्हेअर सोसायटीने नेमा, आणि नकाशाची मूळ कॅड फाइल सोसायटीच्या नावावर घ्या. पुढे पीएमसी बदलावा लागला तर ती लागते.